लग्नाचा अल्बम उशिरा आला, रंगही भलतेच निघाले, मग फोटोग्राफरला लिहिलेलं पत्र

आमच्या लग्नाचा अल्बम ठरल्यापेक्षा पाच महिने उशिरा आला. नुसता उशीर असता तर मी चिडले असते, दोन शब्द सुनावले असते आणि विषय संपवला असता. पण अल्बम उघडला तर आम्ही पास केलेल्या सॅम्पलचा आणि या एडिटिंगचा काडीचाही संबंध नाही. चेहरे केशरी, पांढरी फुलं पिवळी, काळ्या कोटाचा नुसता काळा गोळा झालेला आणि सगळ्यांची कातडी मेणाच्या पुतळ्यासारखी गुळगुळीत. त्यानंतर मी फोटोग्राफरला एक पत्र लिहिलं. ते लिहायच्या आधी काय तपासलं, पत्रात काय लिहिलं आणि पुढे काय झालं ते सगळं इथे लिहितेय, कारण अशा वेळी नेमकं काय मागायचं हेच कळत नाही आणि भांडण "आम्हाला आवडलं नाही" आणि "छान तर दिसतंय" यातच अडकून पडतं.

आधी सॅम्पलबद्दल सांगते कारण सगळं त्याच्यावरच उभं आहे. लग्नानंतर त्यांनी दहा फोटो एडिट करून पाठवले होते, मुद्दाम वेगवेगळ्या प्रकाशातले, म्हणजे सकाळच्या उन्हातले, हॉलच्या पिवळ्या दिव्यांखालचे, रात्री फ्लॅश मारून काढलेले. दोन फोटोंत चेहरे जरा गुलाबी वाटत होते, ते कमी करायला सांगितलं, त्यांनी करून दिलं. मग मी ईमेलवर लिहिलं की हे दहाही फोटो फायनल, सगळ्या अल्बमला हाच लुक ठेवा. त्यांचं उत्तर आलं, "ओके, याच टोनमध्ये सगळं करतो." तेव्हा हे दोन ओळींचं बोलणं किरकोळ वाटलं होतं पण पुढे सगळ्यात जास्त कामाला तेच आलं. त्यामुळे ज्यांचं लग्न अजून व्हायचंय त्यांना माझं आत्ताच सांगणं आहे, सॅम्पल फोनवर पास करू नका, लिहून पास करा आणि त्या सॅम्पलच्या मूळ फाईल्स जपून ठेवा.

अल्बम बघून त्याच संध्याकाळी मी फोन केला. उत्तरं दोन मिळाली. पहिलं, "प्रिंटमध्ये रंग थोडा बदलतोच, लॅबचा प्रॉब्लेम असतो." दुसरं, "तुम्ही मोबाईलवर बघताय ना, त्या डिस्प्लेवर जास्त भडक दिसतं." दोन्ही गोष्टी मुळात खोट्या नाहीत, प्रिंट आणि स्क्रीन यात फरक पडतोच, कागद स्वतः उजेड देत नाही त्यामुळे प्रिंट स्क्रीनपेक्षा जरा गडद दिसते, आणि प्रत्येक स्क्रीनचा रंग वेगळा असतो हेही खरंच. पण आमच्या अल्बमचं जे झालं होतं ते यातलं आहे का, हे बघायला हवं होतं, आणि ते घरबसल्या बघता येतं.

अल्बमसोबत एका लिंकवर सगळ्या फायनल फाईल्स दिल्या होत्या. सॅम्पलमधले दहाही फोटो त्यात परत होते, कारण अल्बमसाठी आम्ही तेही निवडले होते. मग काम सोपं झालं. एकाच फोटोच्या दोन फाईल्स, एक जानेवारीतली पास केलेली आणि एक आत्ताची, लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडल्या. स्क्रीन खराब असेल तर दोन्ही फोटो सारखेच खराब दिसायला पाहिजेत. तसं नव्हतं, डावीकडचा फोटो जसा आठवत होता तसाच होता आणि उजवीकडचा केशरी. म्हणजे मोबाईलच्या डिस्प्लेचा मुद्दा तिथेच संपला.

मग अल्बमचं तेच पान घेऊन दिवसा खिडकीशी गेले. घरातल्या बल्बखाली रंग बघून काही उपयोग नाही, बल्बचा स्वतःचा रंग त्यात मिसळतो. दिवसाच्या उजेडात पान आणि नवीन फाईल जवळपास सारखी दिसत होती, पान एक कणभर गडद, बस. म्हणजे लॅबने जी फाईल मिळाली ती इमानदारीने छापली होती. चूक फाईलमध्येच होती, एडिटिंगमध्येच. हे कळणं फार गरजेचं होतं, कारण नाहीतर आम्ही "अल्बम परत छापून द्या" एवढंच मागितलं असतं आणि तेच केशरी चेहरे पुन्हा चांगल्या कागदावर छापून आले असते.

तरीही "मला तर ठीक वाटतंय" असं कोणी म्हटलं की आपण काय बोलणार? म्हणून मी आकडे घेतले. फोटो एडिट करायच्या बऱ्याच प्रोग्राममध्ये ड्रॉपरचं टूल असतं, ते एका ठिकाणी ठेवलं की तिथला लाल, हिरवा आणि निळा किती ते 0 ते 255 मध्ये दाखवतं. पांढऱ्या किंवा राखाडी वस्तूवर हे तीन आकडे एकमेकांच्या जवळ असतात, जितके लांब जातील तितकी त्या वस्तूवर रंगाची झाक. आमच्या एका फोटोत माझ्या हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ आहे. सॅम्पलमध्ये पाकळीवर 244, 240, 232 आले. म्हणजे किंचित उबदार पांढरा, आम्हाला हवा तसाच. नवीन फाईलमध्ये त्याच जागी 255, 249, 203. निळा एवढा खाली गेला की फूल पिवळं झालं, आणि लाल 255 ला जाऊन टेकला, म्हणजे त्याच्यावर जागाच नाही, तिथले पाकळीचे बारीक फरक सपाट झाले. सॅम्पलमध्ये पाकळ्यांच्या घड्या मोजता येतात, नवीन फोटोत एक सलग पिवळट ठिपका आहे. उलट टोकाला नवऱ्याचा काळा कोट. सॅम्पलमध्ये तिन्ही आकडे तिसाच्या आसपास, कॉलर दिसते, खांद्याची शिवण दिसते. नवीन फोटोत सगळं दोन-तीनवर, कॉलर कुठे संपते आणि केस कुठे सुरू होतात ते कळत नाही.

यातून अजून एक गोष्ट कळली ती पत्रात फार कामाची ठरली. जो तपशील असा वर किंवा खाली जाऊन चिरडला गेलाय तो त्या जेपेग फाईलमधून परत काढता येत नाही, तो फक्त कॅमेऱ्याच्या मूळ रॉ फाईलमध्ये असतो. म्हणजे दुरुस्ती करायची तर रॉ पासून नवीन एडिट करायला लागणार. आणि बरेच फोटोग्राफर अल्बम दिल्यावर काही काळाने जागा रिकामी करायला रॉ उडवून टाकतात. आमच्या करारात रॉ किती दिवस ठेवणार याबद्दल एक अक्षर नव्हतं. त्यामुळे पत्रातली पहिली मागणी पैशाची नाही की अल्बमची नाही, रॉ फाईल्सची झाली.

रंगापेक्षा मला जास्त लागलं ते चेहऱ्यांचं. माझ्या हनुवटीवर डाव्या बाजूला तीळ आहे, लहानपणापासून आहे. सॅम्पलमध्ये आहे, अल्बममध्ये बहुतेक फोटोंत नाही आणि एका फोटोत अर्धा आहे, पुसट, खरकटं पुसल्यासारखा. माझ्या आजीच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती ठेवलेली नाही. आजी ऐंशीच्या पुढची आहे, तिच्या डोळ्यांच्या कडेच्या त्या रेषा म्हणजेच तिचं हसणं, ते सगळं घासून टाकलं. हे मुद्दाम हाताने केलेलं नाही हे झूम केल्यावर कळतं. हाताने रिटच करणारा माणूस एखादा फोड काढतो, डोळ्याखालचं काळं थोडं कमी करतो, बाकी कातडीची रंध्रं तशीच ठेवतो. इथे सगळ्या चेहऱ्यांवर सरसकट स्मूदिंग मारलं होतं, लहान मुलांच्या गालांवर पण, आणि कपाळावर जिथे केस सुरू होतात तिथे बारीक केस कातडीत विरघळलेले. आजीच्या कानातल्याची कडही धूसर झालेली. ज्यांना शंका असेल त्यांनी कानाची पाळी आणि केसांची कड बघा, तिथे सगळं उघडं पडतं.

अजून एक बघितलं, फाईल कधी बनली ते. मूळ फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये एक्स्पोर्टची तारीख आणि वेळ बऱ्याचदा असते, फक्त फाईल लिंकवरून मूळ स्वरूपात उतरवलेली पाहिजे, मेसेजवरून आलेल्या फोटोत ही माहिती बहुतेक वेळा गळून जाते. आमचे झाडून सगळे फोटो 11 सप्टेंबरला संध्याकाळी तासाभराच्या आत बाहेर पडलेले. एक्स्पोर्ट एकदम करणं यात काही गैर नाही, सगळेच करतात. पण एप्रिलपासून "एडिटिंग चालू आहे, खूप बारीक काम आहे" असं जे ऐकत होतो त्याच्याशी हे सपाट एकसारखे फोटो जुळत नव्हते. हा मुद्दा मी पत्रात आरोप म्हणून घातला नाही, सिद्ध करता येत नाही ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आता पत्र. पत्राची सुरुवात अशी होती:

"नमस्कार, आमच्या लग्नाचा अल्बम आणि एडिट केलेल्या फाईल्स 22 सप्टेंबरला मिळाल्या. त्या आम्ही लेखी मंजूर केलेल्या सॅम्पलप्रमाणे नाहीत, त्यामुळे हे काम पूर्ण झालं असं आम्ही धरत नाही. खाली उशीर, रंग आणि चेहऱ्यांचं रिटचिंग या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहितेय. त्याआधी एक विनंती. हा विषय मिटेपर्यंत आमच्या मूळ रॉ फाईल्स डिलीट करू नका आणि त्या सगळ्या तुमच्याकडे आहेत एवढं आजच ईमेलवर कळवा."

तीन गोष्टी वेगळ्या ठेवण्याचं कारण असं की एकत्र लिहिलं की समोरचा सगळ्यात सोप्या गोष्टीला उत्तर देतो. उशिराबद्दल सॉरी म्हणतो आणि रंगाचं राहून जातं.

उशिराचा भाग मी अगदी छोटा ठेवला, एकही विशेषण न घालता:

"18 जानेवारीला सॅम्पल मंजूर केला. 25 जानेवारीला अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंची यादी पाठवली, त्याच दिवशी तुमची पोच आली. करारात यादी मिळाल्यापासून 12 आठवडे लिहिलेले आहेत, म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा. त्यानंतर आमच्याकडून कुठलीही गोष्ट बाकी नव्हती. अल्बम सप्टेंबरमध्ये आला."

यातलं "आमच्याकडून कुठलीही गोष्ट बाकी नव्हती" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. अल्बम रखडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नवरा-नवरी फोटोच निवडून देत नाहीत, आणि फोटोग्राफर पहिलं तेच पुढे करतो. यादी पाठवल्याचा आणि पोच आल्याचा ईमेल जोडला की तो रस्ता बंद होतो.

रंगाच्या भागात मी फक्त पाच फोटो घेतले. पन्नास दाखवता आले असते पण पन्नास कोणी बघत नाही. प्रत्येकात सॅम्पलची फाईल डावीकडे, नवीन उजवीकडे, खाली एक ओळ. उदाहरणार्थ:

"DSC_4127: फुलांचा पांढरा रंग सॅम्पलमध्ये 244/240/232, दिलेल्या फाईलमध्ये 255/249/203. पाकळ्यांचा तपशील गेला आहे. हीच फाईल अल्बमच्या पानाशी दिवसाच्या उजेडात जुळते, म्हणजे फरक प्रिंटिंगचा नाही. दोन्ही फाईल्स एकाच स्क्रीनवर शेजारी उघडून पाहिल्या आहेत, तुम्हीही तुमच्या एडिटिंगच्या स्क्रीनवर तसंच करून पाहा."

शेवटचं वाक्य लिहिल्यावर मला समाधान वाटलं, कारण त्यांनी स्वतः ते केलं की माझ्याशी वाद घालायला काही उरत नव्हतं.

रिटचिंगबद्दल लिहिताना मात्र मी स्वतःला आवरलं नाही आणि आवरायची गरजही नव्हती. "माझ्या हनुवटीवरचा तीळ परत हवा आहे. आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या परत हव्या आहेत. हे फोटो आम्ही तिला ओळखता यावं म्हणून जपणार आहोत." एवढंच. आणि पुढे स्पष्ट नियम, की तात्पुरते फोड आणि डाग काढायला हरकत नाही, तीळ, व्रण, सुरकुत्या, चेहऱ्याचा आकार याला हात लावायचा नाही.

मग मागण्या, आणि त्या क्रमानेच. आधी रॉ पासून सॅम्पलचे दहा आणि आमच्या पसंतीचे पाच अवघड फोटो नवीन एडिट करून पाठवा. आम्ही लेखी हो म्हटल्यावर बाकीचे करा. मग अल्बमच्या पानांची पीडीएफ पाठवा, कारण यावेळी ती न दाखवताच छापली होती आणि एका ग्रुप फोटोत माझ्या सासऱ्यांचा चेहरा बरोबर दोन पानांच्या घडीत गेलाय. पीडीएफ पास झाल्यावर नवीन अल्बम तुमच्या खर्चाने. पत्राला उत्तर द्यायला सात दिवस, सगळं पूर्ण व्हायला आठ आठवडे. शेवटचा हप्ता आम्ही नवीन अल्बम तपासून देऊ, आणि हे जमणार नसेल तर एडिटिंग आणि अल्बमचे घेतलेले पैसे परत करा, शूटिंगच्या पैशाबद्दल आमची तक्रार नाही. हे शेवटचं लिहिणं मला योग्य वाटलं. त्या दिवशी त्यांनी काम मनापासून केलं होतं, फोटो मुळात चांगलेच काढलेत, ते नाकारण्यात अर्थ नव्हता.

ईमेलने पाठवलं आणि व्हॉट्सॲपवर फक्त "ईमेल पाठवलाय, कृपया तिथेच उत्तर द्या" एवढं टाकलं. जुना अल्बम परत दिला नाही, प्रत्येक पानाचे फोटो काढून ठेवले. पुरावा हातातून सोडायचा नाही.

उत्तर चौथ्या दिवशी आलं, रॉ फाईल्स आहेत असं लिहिलं होतं, माझा जीव भांड्यात पडला. पण सोबत पंधराही फोटो "करेक्ट" करून पाठवले होते आणि तिथे मला परत थांबावं लागलं. केशरीपणा कमी झाला होता, पहिल्या नजरेला बरं वाटत होतं. मग कोट बघितला. काळा गोळा आता राखाडी गोळा झाला होता, कॉलर तरीही नाही. तीळ नाही. म्हणजे रॉ पर्यंत कोणी गेलंच नव्हतं, बिघडलेल्या जेपेगवरच निळी झाक चढवून दिली होती. मी उत्तरात दोन ओळी लिहिल्या, "कोटाची कॉलर आणि हनुवटीवरचा तीळ दिसत नाही, म्हणजे हे दिलेल्या जेपेगवर केलेलं आहे. रॉ पासून केलेले पाठवा." यावर त्यांचा फोन आला आणि पहिल्यांदाच त्यांनी खरं सांगितलं. सॅम्पल करणारा एडिटर मार्चमध्ये काम सोडून गेला, कित्येक लग्नं तुंबली, शेवटी आमचं काम बाहेर कोणाला तरी दिलं आणि त्या माणसाला सॅम्पल पाठवायचंच राहिलं. त्याने आपल्या ठरलेल्या सेटिंगवर सगळं काढून दिलं. मग त्यांनी बिलात सूट देऊ केली, अल्बम आहे तसा ठेवा म्हणाले. आम्ही नको म्हटलं. नवरा फोनवर शांतपणे म्हणाला, "दादा, सूट घेऊन आजीचा चेहरा परत येणार नाही." मी त्यांना सॅम्पलच्या फाईल्स आणि आमचा जानेवारीचा ईमेल परत फॉरवर्ड केला, की जो कोणी करेल त्याच्यासमोर हे उघडं ठेवा.

पुढचे पंधरा फोटो आले ते बरोबर आले. मी आकडे परत तपासले, पाकळीचा पांढरा 242, 239, 230. तंतोतंत सारखा यावा अशी अपेक्षा नव्हती, दोन वेगळी माणसं एडिट करतील तर दोन-चारचा फरक पडणारच आणि तो डोळ्याला कळत नाही. हॉलमधल्या दोन फोटोंत मात्र एका बाजूला खिडकीचा निळसर उजेड आणि दुसऱ्या बाजूला पिवळे दिवे होते, तिथे एकाचा चेहरा बरोबर केला की दुसऱ्याचा बिघडत होता, त्यावर त्यांचं म्हणणं आम्ही मान्य केलं. आणि त्यांच्या जोडीच्या माणसाने काढलेले काही फोटो रॉ मध्ये नव्हतेच, त्याने कॅमेऱ्यात फक्त जेपेग घेतले होते. पण ते कॅमेऱ्यातून निघालेले मूळ जेपेग होते, बाहेरच्या एडिटरने बिघडवलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर थोडंफार काम होऊ शकलं, उन्हातली एक-दोन कपाळं पांढरी राहिली ती राहिलीच.

पीडीएफमध्ये सासऱ्यांचा फोटो सरकवून घेतला, घडीच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे ना ते पान पान बघितलं. नवीन अल्बम आठ आठवड्यांपेक्षा थोडा जास्त वेळ घेऊन आला, पण यावेळी उशीर होतोय हे त्यांनी आधी स्वतःहून कळवलं. मी पुन्हा खिडकीशी बसून तेच पाच फोटो फाईलशी जुळवले, बाकीची पानं चाळली, शेवटचा हप्ता त्याच दिवशी पाठवला आणि जुना अल्बम त्यांना परत दिला. सगळ्या नवीन फाईल्स दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या आणि मग त्यांना लिहिलं की आता तुम्ही रॉ डिलीट केल्या तरी चालेल.